घरचं कोकम, कडक ब्रश आणि आंबलेले दात

प्रश्न: डॉक्टर, मी ३१ वर्षांचा, गुहागरला होमस्टे चालवतो. दात कुठे किडलेले नाहीत असं दाखवलं तेव्हा सांगितलं, पण गार पाणी लागलं की कळ येते आणि वरच्या पुढच्या दातांची टोकं काचेसारखी आरपार दिसायला लागलीत. दिवसभर घरचंच कोकम सरबत पितो, कोल्ड्रिंक नाही. पाहुण्यांबरोबर चहा, फरसाण, आंबापोळी चालू असते म्हणून खाल्लं की लगेच ब्रश करतो, दिवसातून तीन-चार वेळा, कडक ब्रशने. मग दात झिजतात कसे? कॅप बसवायला लागेल का?

उत्तर: तुम्ही दात घासायला कमी पडत नाही आहात, उलट जरा जास्तच घासताय, आणि तेही नेमकं नको त्या वेळेला.

लहानपणी कैऱ्या खाऊन दात आंबलेले आठवतात ना? मीठ-तिखट लावून दोन-चार कैऱ्या चावल्या की संध्याकाळी पोळीसुद्धा चावता यायची नाही, दातावर दात घासला की कसंतरीच खरखरीत लागायचं. ते 'आंबणं' म्हणजे आंबटाने दाताचा वरचा थर मऊ पडलेला असतो. तुमच्या तोंडात हे रोज, हळूहळू, तुम्हाला फारसं जाणवू न देता चाललंय, एवढाच फरक. यात कीड नाही म्हणून किडीसारखं काळं भोक दिसत नाही, दात फक्त गुळगुळीत होत होत पातळ होतो. म्हणून 'कीड नाही' हे तुम्हाला सांगितलं ते बरोबरच होतं, पण त्यावरून दात शाबूत आहेत असं होत नाही.

आता थोडं कारण बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल, ते जवळजवळ सगळं कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. तोंडातल्या लाळेत हेच दोन पदार्थ विरघळलेले असतात, त्यामुळे एरवी दातातून काही बाहेर जात नाही. पण तोंडातला आम्लपणा वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की लाळेतलं कॅल्शियम पुरेनासं होतं आणि ते दातातून निघायला लागतं. कोकमाचं आगळ २ च्या आसपास असतं, सरबत पातळ केलं तरी ३ च्या जवळपासच राहतं, लिंबाचा रसही २ ते २.५, आणि कोला त्याच पंगतीत. पीएचमध्ये एक आकडा खाली म्हणजे दहापट आंबट, त्यामुळे ५.५ आणि ३ यातला फरक दिसतो तेवढा लहान नाही. 'घरचं आहे', 'नैसर्गिक आहे' हे पोटाला बरं असेल, दाताला रातांबा आणि कारखान्यातलं आम्ल यातला फरक कळत नाही. साखर न घातलेलं असलं तरी आम्ल ते आम्लच, डाएट कोल्ड्रिंक पिणाऱ्यांचे दात म्हणूनच वाचत नाहीत.

मग कोकणातल्या सगळ्यांचेच दात झिजायला हवेत, कारण सोलकढी आणि आमसुलाशिवाय आपलं पान हलत नाही. तसं होत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे.

तुम्ही किती पिता ह्यापेक्षा कितीदा पिता हे महत्त्वाचं. जेवताना वाटीभर सोलकढी प्यायली की तोंडात आधीच भरपूर लाळ सुटलेली असते, दोन-चार मिनिटांत आंबटपणा धुऊन निघतो, विषय संपला. सोलकढीत नारळाचं दूध असतं म्हणून ती दातांना चांगली, असं काहीजण म्हणतात, पण नारळाच्या दुधात गायी-म्हशीच्या दुधासारखं कॅल्शियम नसतं, सोलकढी चालते ती जेवणाबरोबर एकदाच असते म्हणून.

तुमचं गणित करून बघू, अगदी ढोबळ. तुम्ही सकाळी १० ला बाटली भरून टेबलावर ठेवता आणि संध्याकाळी ६ पर्यंत ती संपते असं धरलं आणि दर पंधरा मिनिटांनी एक घोट घेतला तर झाले ३२ घोट. एका घोटानंतर तोंडातला आंबटपणा उतरायला साधारण पाच मिनिटं लागतात असं धरा (लाळ चांगली असेल तर, लाळ कमी असेल तर जास्त), म्हणजे १६० मिनिटं, जवळपास पावणेतीन तास दात आंबटात. तेच लिटरभर सरबत चार ग्लासांत, जेवणाच्या आगेमागे बसून प्यायलात आणि एका ग्लासाचे दहा मिनिटं धरले, तर होतात ४० मिनिटं. सरबत तेवढंच, पोटात गेलं तेवढंच, पण दाताला चौपट फरक.

आणि हे झालं फक्त आम्लाचं. तुमच्या सरबतात साखर आहे, फरसाणात पीठ आहे, आंबापोळीत दोन्ही म्हणजे साखर आणि आंबटपणा, शिवाय ती दाताच्या खाचेत चिकटते. दातावरच्या थरातले जंतू ही साखर खाऊन स्वतःचं आम्ल बनवतात, आणि ते आम्ल उतरायला पाच मिनिटं नाही, अर्धा-पाऊण तास लागतो. दर वीस मिनिटांनी काहीतरी तोंडात पडत राहिलं तर ते उतरायच्या आतच पुढचा घास येतो, म्हणजे दिवसभरात लाळेला काम करायला सुट्टीच मिळत नाही. तुमच्या धंद्यात पाहुण्याबरोबर 'घ्या हो थोडं' म्हणत दिवसात आठ-दहा वेळा खाणं होतंच, ते मला कळतं. पण सगळ्यांनाच चालतं तसं ते तुम्हाला चालणार नाही.

आता ब्रशचं. ही चूक मीही केलीय म्हणून सांगतो, सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः पेशंटला 'खाल्लं की लगेच घासा' असंच बिनधास्त सांगायचो, शाळेच्या शिबिरात तर पोरांकडून वदवून घ्यायचो. गोडाला ते ठीक होतं, आंबटाला चुकीचं होतं. आपल्याकडे चिरा खाणीतून काढतात तेव्हा तो मऊ असतो, म्हणूनच तर कापता येतो, आणि उन्हा-वाऱ्यात ठेवला की घट्ट होतो. आंबट प्यायल्यावर इनॅमलचा अगदी वरचा थर, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा एवढा पातळ, नुकत्याच काढलेल्या चिऱ्यासारखा मऊ झालेला असतो. त्याला तसंच सोडलं तर लाळेतलं कॅल्शियम परत बसतं आणि तो बऱ्यापैकी घट्ट होतो. पण त्याच वेळी त्यावर कडक ब्रश फिरवला तर तो थर निघून जातो आणि गेलेला थर परत येत नाही, कारण इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. मऊ झालेलं सुधारतं, गेलेलं येत नाही, एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे. एका वेळी गेलेला थर काहीच नाही, पण दिवसाला चार वेळा, वर्षाला चौदाशेच्या वर घासण्या, दहा वर्षं, मग टोकं आरपार दिसायला लागतात.

त्यावर लोक लगेच विचारतात, मग किती थांबू? तासभर थांबा असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि मीही तेच सांगतो, पण त्यात एक प्रामाणिक गोष्ट अशी की प्रयोगशाळेतल्या दातांवर थांबण्याचा फायदा जितका दिसतो तितका खऱ्या तोंडात दिसत नाही, लाळेने दात घट्ट व्हायला वेळ लागतो, तासाभरात सगळं जिथल्या तिथं होत नाही. म्हणून 'तासभर थांबलो की झालं' असं समजू नका. वेळच उलटी करा. सकाळी उठल्या उठल्या, चहा-नाश्त्याच्या आधी ब्रश, आणि रात्री झोपताना दुसरा. नाश्त्याआधी ब्रश केला की रात्रभरचे जंतू निघतात आणि पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहतं, मग वरून जे खाल ते त्या दातावर पडतं. दुपारचे दोन्ही ब्रश बंद, त्याने तुमचं काही बिघडणार नाही, उलट सुधारेल.

मग आंबट खाल्ल्यावर करायचं काय, ब्रश नाही तर? साधं पाणी घ्या, तोंडात चांगलं खळखळवा, एक-दोन चुळा भरा, बास. एवढ्याने दोन गोष्टी होतात, आम्ल पातळ होतं आणि लाळ सुटते. मीठ-पाण्याची किंवा लिंबू टाकून चूळ नको, लिंबू तर अजिबात नको, ते म्हणजे आगीत तेल. पाण्यापेक्षा बरं म्हणजे दूध किंवा ताक. आता ताक आंबट आहे की, असं म्हणाल, तर गंमत अशी की दह्याचा पीएच ४ च्या आसपास असतो, म्हणजे हिशेबाने ते दाताला घातक हवं, पण तसं होत नाही कारण दह्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं, त्यामुळे दातातून कॅल्शियम निघून जायला जागाच उरत नाही. फार पाणी घालून केलेल्या पातळ ताकात हा फायदा कमी होतो, पण कोकम सरबताच्या जागी दुपारी एखादा ग्लास दाट ताक ही तुमच्यासाठी खरंच चांगली अदलाबदल आहे, साखर न घालता.

एक केस सांगतो, कारण ती तुमच्याशी बऱ्यापैकी जुळते. कुडाळच्या बाजूच्या, अडतीस वर्षांच्या एक वहिनी, आमसूल-आगळाचा घरगुती उद्योग. तक्रार फक्त डाव्या बाजूची, गार पाणी लागलं की खालच्या डाव्या दाढेत कळ, आणि दोन ठिकाणी दाखवून झालेलं, एक्स-रेत कीड दिसली नव्हती. मी बघितलं तर खालच्या डाव्या पहिल्या दाढेच्या टोकांवर बारीक बारीक वाट्या पडलेल्या, वाटीच्या तळाशी इनॅमलखालचा पिवळसर थर, म्हणजे डेंटिन, दिसतोय, आणि त्याच दाढेतली जुनी चांदीची फिलिंग आजूबाजूच्या दातापेक्षा वर उठून दिसतेय, भरतीच्या पाण्यात खडक दिसावा तशी. फिलिंग वर आलेली नसते, दात खाली गेलेला असतो, आंबटाने दात झिजतो, चांदी झिजत नाही. हे चिन्ह दिसलं की मी फार शोधत बसत नाही. पण उजवीकडे काहीच नव्हतं, दाढा ठणठणीत, एकाच बाजूला झीज म्हणजे काहीतरी त्या बाजूला धरून ठेवलं जातंय. विचारलं तर आधी 'काय नाय ओ' म्हणाल्या. मग मी चार दिवसांची वही लिहायला सांगितली, काय खाल्लं-प्यायलं, किती वाजता, एक रविवार धरून. तिसऱ्या दिवशीच त्यांच्या लक्षात आलं. आमसुलं वाळताना बघायला गेलं की एक तुकडा गालात धरायचा, दोन-दोन तास, डाव्या गालात. 'तोंडाक चव येता ओ डॉक्टरानू.' एकेक आमसूल म्हणजे तोंडात तासन्‌तास ठेवलेलं लिंबूच म्हणा, आणि थेट दाढेला चिकटून.

त्यांचं मी केलं काय, तर आधी फार काही केलं नाही. आमसूल गालात ठेवणं बंद, घरगुती लाल दंतमंजन बंद (ते खरखरीत असतं, मऊ झालेल्या दाताला सॅंडपेपरसारखं), मऊ ब्रश, सेन्सिटिव्ह दातांची फ्लोराइडवाली पेस्ट, आणि दोन्ही जबड्यांचे प्लास्टरचे साचे घेऊन ठेवले. दोन-तीन आठवड्यांत कळ बरीच कमी झाली. मग त्या वाट्या दातरंगाच्या फिलिंगने भरल्या, ड्रिल जवळपास न वापरता. पण खरी परीक्षा साच्यांची, वर्षाने नवीन साचे घेऊन जुन्यांशेजारी ठेवले, झीज थांबलेली होती. फिलिंग कशीही करा, सवय चालू राहिली तर फिलिंगच्या कडेने दात पुन्हा खाली जातो, म्हणून मी सवय आधी, काम नंतर असंच करतो.

तुमच्या टोकं आरपार दिसण्याचं कारणही तेच. पुढच्या दातांच्या टोकाला आत डेंटिन नसतं किंवा फार थोडं असतं, फक्त इनॅमल, ते पातळ झालं की उजेड आरपार जातो आणि दात निळसर-करडे दिसतात. नंतर तिथून कपचे निघतात, दाताने बाटलीचं झाकण वगैरे काढताना जास्त. गार पाण्याची कळ येते ती दाताच्या मानेपाशी किंवा जिथे डेंटिन उघडं पडलंय तिथून, डेंटिनमध्ये बारीक नळ्या असतात, त्यातलं पाणी गारव्याने हललं की आतली नस बोंबलते. डेंटिन इनॅमलपेक्षा लवकर विरघळतं, त्याला ५.५ पर्यंत वाट बघावी लागत नाही, ६ च्या थोडं वर असतानाच ते सुटायला लागतं. म्हणून एकदा डेंटिन उघडं पडलं की झीज वेग घेते, कळ आली म्हणजे थोडा उशीर झालाय असंच समजा.

एक गोष्ट तुम्ही स्वतः तपासा. आरशात मोबाइलचा टॉर्च लावून वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या, टाळ्याकडच्या बाजूला जीभ फिरवा आणि छोटा आरसा असेल तर बघा. तिथेच दात पातळ, खोलगट, चकचकीत असेल आणि बाहेरून ठीक असेल, तर सरबताला दोष देऊ नका, ते आम्ल पोटातून वर येतंय. छातीत जळजळ, रात्री आंबट ढेकर, सकाळी तोंड आंबट, असं काही असेल तर आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा, नाहीतर आम्ही दात भरत राहू आणि पोट ते उतरवत राहील. उलटी झाली तरी नियम तोच, लगेच ब्रश नाही, ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा टाकून चूळ. बाहेरून जास्त झीज दिसली तर मात्र बोट पेयाकडेच जातं.

आता मे महिन्याचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे झीज सगळ्यात जास्त तेव्हाच होते असं माझं मत आहे, पेशंट बघून झालेलं. उन्हातून, बागेतून, बोटीवरून आलात की घाम जाऊन जाऊन तोंड कोरडं पडलेलं असतं, लाळ निम्म्यावर आलेली असते, आणि तेव्हाच आपण पहिला ग्लास थंडगार सरबताचा रिकामा करतो. दाताचं संरक्षण जेव्हा सर्वांत कमी, तेव्हाच आम्ल सर्वांत जास्त. आधी दोन घोट साधं पाणी, मग सरबत, एवढा क्रम बदललात तरी फरक पडतो. तसंच रात्री झोपताना लिंबू सरबत किंवा सोडा नको, झोपेत लाळ जवळपास बंद असते, ते आम्ल सकाळपर्यंत दातावर बसतं. स्ट्रॉ वापरलीत तर तिचं टोक दातांच्या मागे जिभेवर ठेवा, पुढच्या दातांना धरून चोखलंत तर उपयोग शून्य. आणि सरबत तोंडात घोळवू नका, प्यायचं आणि गिळायचं.

फरसाण-आंबापोळीचं काय? पाहुण्यांना आग्रह करा, स्वतः मात्र घास घेताना दिवसातल्या दोन-तीन वेळा ठरवून घ्या. मधे तोंड चाळवायचंच असेल तर ओल्या खोबऱ्याचा तुकडा, भाजलेले शेंगदाणे, काजू, साखरही नाही आंबटपणाही नाही आणि चावून लाळ सुटते. आंबापोळी खायचीच तर जेवणाबरोबर, दुपारी चारला नाही.

पेस्टबद्दल, नुसतं 'हर्बल' बघू नका, ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम ते बघा. आपल्याकडे नियमाने १००० पीपीएमपेक्षा जास्त नसतं, त्याच्या जवळपास असलेली घ्या, वाटाण्याएवढी पुरे. घासून झालं की थुंका, लगेच पाण्याने चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नका. सेन्सिटिव्ह पेस्टने कळ कमी होते ती नस शांत होते म्हणून, झीज थांबत नाही. कळ गेली म्हणून लोक पुन्हा बाटली टेबलावर ठेवतात हे मी कैक वेळा पाहिलंय, दात तेव्हा गुपचूप झिजत असतो.

तुमच्या कॅपबद्दल. आत्ता नाही, आणि कोणी घाईने सहा-आठ कॅप बसवायचं बोललं तर दुसरीकडे दाखवा. कॅप बसवायला उरलेलं इनॅमल घासून काढावं लागतं, म्हणजे जे वाचवायचं तेच आपण स्वतः काढणार. आरपार झालेल्या टोकांवर दातरंगाचं कॉम्पोझिट चिकटवता येतं, न घासता, आणि पुढे कधी बदलायचं झालं तरी दात जागेवर असतो. तेही मी तुमच्या बाबतीत सहा महिने पुढे ढकलेन. आधी साचे किंवा फोटो घेऊन ठेवा, एकाच उजेडात एकाच कोनातून, बाटली टेबलावरून उचला, ब्रश मऊ करा आणि सकाळ-रात्र दोनच वेळा. सहा महिन्यांनी तेच फोटो शेजारी ठेवून बघू. टोकं जशीच्या तशी असतील तर चिकटवू, आणि त्यात अजून कपचे निघालेले दिसले तर आधी चार दिवसांची ती वही लिहून आणा, मग बोलू.